भाषणाची दहा मिनिटे परत द्या : संशोधन दिन आयोजन समितीस खुले पत्र

संशोधन दिन आयोजन समितीच्या सर्व सदस्यांस,

सप्रेम नमस्कार.

कार्यक्रमपत्रिकेचा अंतिम मसुदा मागच्या आठवड्यात सगळ्यांकडे आला. आधीच्या मसुद्यात उद्घाटनानंतर लगेच एक ओळ होती : ‘नव्या विद्यार्थ्यांसाठी : पीअर रिव्ह्यू म्हणजे काय, आणि समीक्षकांचे आभार – १० मिनिटे.’ ती ओळ आता नाही. तिच्या जागी ‘वर्षभरात सर्वाधिक शोधनिबंध प्रसिद्ध करणाऱ्या संशोधकाचा गौरव’ आला आहे. ते भाषण मी करणार होते. चौकशी केली तेव्हा सांगण्यात आले की विषय कोरडा आहे, आणि आभारच मानायचे तर शेवटच्या आभारप्रदर्शनात एका वाक्यात मानता येतील.

मी रुसले आहे, हे नाकारत नाही. पण तेवढ्यासाठी सगळ्यांना वाचता येईल असे पत्र लिहिले नसते. त्या दिवशी सभागृहात बसणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांना शोधनिबंधांची संख्या मोजलेली दिसेल. निबंध छापण्याआधी तो कोणी, कसा वाचला हे मात्र कोणीच सांगणार नाही. याच विभागात विद्यार्थिनी असताना मलाही ते कोणी सांगितले नव्हते, आणि त्याची किंमत मी सात महिन्यांनी मोजली. म्हणून ते भाषण आधी इथेच देते. तक्रारी आणि मागण्या त्यानंतर.

*

“नमस्कार. ‘पेपर रिव्ह्यूला गेलाय’ हे वाक्य तुम्ही प्रयोगशाळेत ऐकलं असेल. सांगणाऱ्याचा चेहरा असा असतो की, पेपर कुठल्या तरी नाक्यावर अडवून ठेवलाय असं वाटावं. प्रत्यक्षात काय होतं?

पेपर जर्नलकडे पोचला की आधी संपादक तो चाळतो. विषय बसत नसेल किंवा काम उघडच अपुरं असेल, तर तो तिथूनच परत येतो. तसं नसेल तर संपादक त्याच विषयात काम करणाऱ्या दोन-तीन माणसांना विचारतो, वाचाल का? बरेच जण नाही म्हणतात, आणि तुम्हाला वाटतं पेपर वाचला जातोय तेव्हा तो कित्येकदा वाचणाऱ्याच्याच शोधात असतो. जो हो म्हणतो त्याला साधारण दोन-तीन आठवडे मिळतात, पैसे बहुधा मिळत नाहीत. तो अहवाल लिहितो. त्यातला मोठा भाग लेखकासाठी असतो आणि एखादी छोटी टीप फक्त संपादकासाठी. समीक्षक सल्ला देतो; निर्णय घेतो संपादक. एवढं ध्यानात ठेवलंत तर पुढे येणारा राग निदान चुकीच्या पत्त्यावर जाणार नाही.

आता माझ्या पेपरबद्दल. पीएच.डी.चं तिसरं वर्ष होतं. तापमान वाढलं तर रोपांच्या पानांचं क्षेत्रफळ किती बदलतं, हा प्रश्न होता. आमच्याकडे रोपं वाढवण्याचे दोन ग्रोथ चेंबर होते. एक २४ अंशांवर ठेवला, दुसरा ३० अंशांवर. प्रत्येकात ४० रोपं. २१ दिवसांनी पानं मोजली. गरम चेंबरमधली पानं डोळ्यांनाही मोठी दिसत होती, आणि टी-टेस्टमध्ये p ची किंमत ०.००१ पेक्षा कमी आली, म्हणजे फरक निव्वळ योगायोगाचा वाटत नव्हता. पेपर लिहिला, पाठवला.

दोन अहवाल आले. पहिल्या समीक्षकाने काम नेटकं असल्याचं म्हटलं आणि संदर्भसूचीतल्या तीन चुका दाखवल्या. दुसऱ्याचा अहवाल दीड पानाचा होता. त्यातला चौथा प्रश्न एका ओळीचा होता : ‘प्रत्येक तापमानाला किती चेंबर होते?’

मला राग आला. रोपं ४० होती, तसं स्वच्छ लिहिलं होतं, मग या माणसाला चेंबर कशाला मोजायचेत? दोन दिवस मी त्याच्यावर चिडून होते. तिसऱ्या दिवशी चेंबरचं दार उघडताना प्रश्न कळला, आणि पोटात गोळा आला.

तापमान मी रोपाला दिलंच नव्हतं. दिलं होतं चेंबरला. एका चेंबरमधल्या ४० रोपांचा दिवा एकच, पंखा एकच, दमटपणा एकच. उद्या दोन वर्गांना दोन वेगळ्या पद्धतींनी शिकवलं आणि एका वर्गाला जास्त गुण पडले, तर वर्गात मुलं ४० आहेत म्हणून पुरावे ४० होत नाहीत. शिक्षक वेगळा असतो, खोली वेगळी असते, तासाची वेळ वेगळी असते, आणि हे सगळं पद्धतीबरोबरच बदललेलं असतं. माझ्या प्रयोगात एका तापमानाला एक चेंबर होता, म्हणजे तापमानापुरता n, स्वतंत्र नमुन्यांचा आकडा, एक होता. टी-टेस्टने मला एवढंच सांगितलं होतं की हे दोन चेंबर एकसारखे नाहीत. का नाहीत, ते तिला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मी ‘का’ स्वतःच भरलं होतं.

या चुकीला नाव आहे, छद्म-पुनरावृत्ती. स्टुअर्ट हर्लबर्ट या परिस्थितिकीशास्त्रज्ञाने १९८४ साली एका लेखात ते रूढ केलं. नाव विसरलात तरी चालेल. कोणताही पेपर वाचताना विचारा, उपचार ज्या वस्तूला दिला त्या वस्तू किती होत्या? कुंडीला खत दिलं असेल तर कुंड्या मोजायच्या, पानं नाही. पिंजऱ्यातल्या पाण्यात औषध घातलं असेल तर पिंजरे मोजायचे, उंदीर नाही.

समीक्षकाने नुसती चूक दाखवली नव्हती, वाटही दाखवली होती. चेंबरची तापमानं आलटून पालटून प्रयोग चार फेऱ्यांत करा, आणि विश्लेषणात रोप नव्हे तर फेरी हे एकक धरा. अदलाबदल करण्याआधी आम्ही प्रकाशमापक घेऊन दोन्ही चेंबर तपासले. माझ्या ‘थंड’ चेंबरच्या दिव्यांच्या नळ्या जुन्या होत्या आणि त्यात उजेड कमी होता. म्हणजे मी जो उष्णतेचा परिणाम म्हणून मिरवत होते त्यातला काही भाग निव्वळ उजेडाचा होता. चार फेऱ्यांना सात महिने लागले. फरक शेवटपर्यंत त्याच दिशेने राहिला, पण आधीच्या निम्म्याहून कमी. n चाळीसचा चार झाला. पेपर छापून आला तेव्हा त्यातला दावा लहान होता, आणि आजही तो मागे घ्यावा लागलेला नाही.

आता यावरून समीक्षक सगळं पकडतात असं समजू नका. माझा तोच पेपर पहिल्या समीक्षकानेही वाचला होता. १९९८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या मंडळींनी याची रीतसर परीक्षाच घेतली. एका पेपरमध्ये मुद्दाम आठ उणिवा पेरून तो ४२० समीक्षकांना पाठवला. २२१ जणांचे अहवाल आले. सरासरी एका समीक्षकाला दोन उणिवा सापडल्या, आणि १६ टक्क्यांना एकही नाही. यात आश्चर्य वाटण्यासारखं फारसं नाही. समीक्षकाला तुमची वही दिसत नाही, चेंबर दिसत नाही, दिसतो फक्त तुम्ही लिहिलेला मजकूर. उद्या मी आकडेच खोटे लिहिले असते, तर तो प्रश्न विचारणाऱ्यालाही ते कळले नसते. तुम्ही खरं लिहिलंय असं धरूनच तो वाचायला बसतो. म्हणून पद्धतीच्या भागात चेंबरची संख्या लिहिणं हे आपलं काम आहे. मी ‘दोन चेंबर’ असं लिहिलं नसतं, तर त्याला शंका यायलाही जागा नव्हती.

समीक्षकावर चिडणारे आपण पहिले नाही. १९३६ साली अल्बर्ट आइन्स्टाइन आणि त्यांचे सहकारी नेथन रोझेन यांनी ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे एक पेपर पाठवला. गुरुत्वीय लहरी अस्तित्वातच नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता. त्या लहरींचं भाकीत वीस वर्षांपूर्वी स्वतः आइन्स्टाइननेच केलेलं. संपादक जॉन टेट यांनी पेपर एका तज्ज्ञाकडे पाठवला. दहा पानी टिपण आलं. टेट यांनी ते नम्र पत्रासोबत आइन्स्टाइनकडे धाडलं. २७ जुलैला उत्तर आलं. त्याचा आशय असा : आम्ही हस्तलिखित छापायला दिलं होतं, छापण्याआधी तज्ज्ञांना दाखवायची परवानगी दिली नव्हती, तुमच्या निनावी तज्ज्ञाच्या शेऱ्यांना, तेही चुकीच्या, उत्तर देण्याचं मला कारण दिसत नाही, पेपर दुसरीकडे देतो.

शेरे चुकीचे नव्हते. गणितात एके ठिकाणी किमती अनंताकडे जात होत्या आणि त्यावरून लेखकांनी लहरीच नाहीत असं ठरवलं होतं. दोष लहरींत नव्हता, मोजण्याच्या चौकटीत होता. पृथ्वीच्या गोलावर सगळी रेखावृत्तं ध्रुवावर एका बिंदूत मिळतात, म्हणून ध्रुवावर पृथ्वीला भोक पडत नाही, तसंच काहीसं. पेपर दुसऱ्या जर्नलने स्वीकारला. दरम्यान हॉवर्ड रॉबर्टसन नावाचे भौतिकशास्त्रज्ञ प्रिन्स्टनला परतले, आइन्स्टाइनचे नवे सहायक लिओपोल्ड इन्फेल्ड यांच्याशी त्यांची मैत्री झाली आणि बोलता बोलता त्यांनी इन्फेल्डना चूक दाखवली. आइन्स्टाइनना स्वतःलाही तोवर संशय आला होता. छापायला गेलेला मजकूर बदलला, निष्कर्ष उलटा झाला, आणि १९३७ साली पेपर प्रसिद्ध झाला तेव्हा मूळ चूक उलगडायला मदत केल्याबद्दल त्यात प्रोफेसर रॉबर्टसन यांचे आभार होते.

‘फिजिकल रिव्ह्यू’च्या जुन्या नोंदवहीतून २००५ साली त्या निनावी समीक्षकाचं नाव बाहेर आलं. ते हॉवर्ड रॉबर्टसनच होते. वर्षभर त्यांनी ‘तो मीच’ असं म्हटलं नाही. चूक मात्र दोनदा दाखवली, एकदा कागदावर आणि एकदा मित्राला. २०१५ साली त्या लहरी उपकरणांनी पकडल्या.

माझ्या पेपरच्या समीक्षक क्रमांक दोनचं नाव मला आजही ठाऊक नाही. संशोधकांच्या विनोदांत समीक्षक क्रमांक दोन हा कायमचा खलनायक असतो. तेवढा विनोद मी हसून सोडून देते. या सभागृहातही असे लोक बसलेत ज्यांनी या वर्षी रात्री जागून कोणाचे तरी पेपर वाचले. कोणाचे, ते मी विचारणार नाही आणि त्यांनी सांगूही नये. ज्यांनी असा एक तरी अहवाल लिहिला, त्यांच्यासमोर मी उभी आहे. धन्यवाद.”

*

हे झाले भाषण. यात कोरडे काय, ते समितीने मला एकदा समजावून सांगावे.

आता तक्रारी. भाषण वगळले ही त्यातली सर्वांत लहान.

माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर लिहिले आहे की यंदाची सर्व पोस्टर्स ‘पीअर रिव्ह्यूड’ आहेत. ती तशी नाहीत. सारांश समितीकडे आले, शब्दमर्यादा आणि मार्गदर्शकाची सही पाहिली गेली, आणि एका दुपारात यादी तयार झाली. यात गैर काही नाही. विभागाच्या कार्यक्रमाला एवढी छाननी पुरते. पण विषय जाणणाऱ्या कोणीही ते सारांश वाचून प्रश्न विचारलेले नाहीत, लेखकांनी उत्तरे दिलेली नाहीत, काही बदलले नाही, काही परत गेले नाही. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी उद्या आपल्या बायोडेटात हा शब्द जसाच्या तसा उतरवील आणि मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला अडखळेल. तेव्हा दोष त्याला देता येणार नाही, कारण शब्द आपण छापून दिला.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. समीक्षकांचे आभार एका वाक्यात मानता यावेत म्हणून समितीने सर्व शिक्षकांना एक तक्ता पाठवला आहे. त्यात जर्नलचे नाव, तपासलेल्या पेपरचे शीर्षक आणि दिलेला निर्णय, असे रकाने आहेत. हा तक्ता पडद्यावर दाखवण्याचा बेत आहे. समीक्षेसाठी आलेले हस्तलिखित गोपनीय असते. ते अजून छापलेले नसते, कित्येकदा छापलेही जात नाही. माझे क्षेत्र एवढे लहान आहे की शीर्षक पाहिल्यावर पेपर कोणत्या गटाचा हे सभागृहातले निदान चौघे सांगतील. ज्यांचा पेपर मी नाकारावा असे सुचवले, ते चार जणांमार्फत ते कळून घेतील. शिवाय ‘दिलेला निर्णय’ हा रकानाच चुकीचा आहे. निर्णय आम्ही देत नाही. मी तक्ता भरलेला नाही. माझ्या माहितीत आणखी काहींनी भरलेला नाही, आणि ज्यांनी भरला त्यांनी तो मागे घ्यावा अशी माझी जाहीर विनंती आहे.

तिसरी तक्रार समितीपुरती नाही, आपल्या सगळ्यांची आहे, माझ्यासकट. विभागातून जाणारे बरेचसे अहवाल प्रत्यक्षात लिहितात ते संशोधक विद्यार्थी. मार्गदर्शकाकडे विनंती येते, तो पेपर विद्यार्थ्याकडे सरकवतो, विद्यार्थी आठवडाभर बसून टिपण करतो, आणि ते मार्गदर्शकाच्या नावाने जाते. संपादकाला याचा पत्ता नसतो. शिकण्यासाठी एकत्र बसून समीक्षा करणे चांगलेच. मीही तशीच शिकले. पण त्यासाठी आधी संपादकाची परवानगी घ्यावी लागते, कारण हस्तलिखित तिसऱ्या माणसाला दाखवले जात असते, आणि अहवाल पाठवताना सहसमीक्षक म्हणून विद्यार्थ्याचे नाव संपादकाला कळवावे लागते. अनेक जर्नलांच्या फॉर्मवर त्यासाठी जागाही असते. दोन वर्षांपूर्वी मी स्वतः एका विद्यार्थिनीचे टिपण माझ्या नावाने पाठवले होते. फॉर्मवरचा तो चौकोन मी पाहिला होता, घाईत सोडून दिला. तिची मी नंतर माफी मागितली. समितीच्या तक्त्यात विद्यार्थ्यांसाठी रकानाच नाही, म्हणजे ज्यांनी काम केले त्यांच्यासमोर त्यांच्या मार्गदर्शकांचे आभार मानले जाणार आहेत.

गौरवाबद्दल थोडेच बोलते. ज्यांचा गौरव होणार आहे त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे, आणि त्यांनी तो मागितलेला नाही हेही ठाऊक आहे. पण चेंबरचा प्रश्न मला विचारला गेला नसता, तर त्या सात महिन्यांत माझे आणखी दोन पेपर झाले असते, दोन्ही त्याच जुन्या नळ्यांच्या उजेडात. संख्येच्या गौरवात ते दोन्ही धरले गेले असते.

तर मागण्या अशा.

भाषणाची दहा मिनिटे परत द्यावीत, आणि ती पोस्टर सत्राच्या आधी असावीत. पोस्टरसमोर उभ्या राहिलेल्या नव्या मुलाने ‘उपचार नेमका कशाला दिला?’ एवढे विचारले तरी त्या सत्राची रंगत बदलेल. भाषण मीच करावे असा आग्रह नाही. दुसऱ्या कोणाला स्वतःच्या परत आलेल्या पेपरबद्दल बोलायचे असेल तर मी आनंदाने खाली बसेन. अट एकच, पेपर स्वतःचा असावा.

माहितीपत्रकातून ‘पीअर रिव्ह्यूड’ हा शब्द काढावा. त्याऐवजी ‘सारांशांची निवड आयोजन समितीने केली’ असे लिहावे. ते खरे आहे आणि त्यात कमीपणा नाही.

शीर्षकांचा आणि निर्णयांचा तक्ता रद्द करावा, आणि भरून आलेले तक्ते पुसून टाकावेत. आभार मानताना ‘या वर्षी ज्यांनी समीक्षा केली त्यांनी उभे राहावे’ एवढेच म्हणावे. ज्यांना उभे राहायचे नसेल त्यांनी बसून राहावे. उभे राहणाऱ्यांत विद्यार्थीही असतील, आणि काही मार्गदर्शकांना त्या क्षणी थोडे अवघडल्यासारखे होईल. मलाही होईल.

सहसमीक्षेबद्दल एक छोटा नियम विभागाच्या पुढच्या बैठकीत ठेवावा : संपादकाच्या परवानगीशिवाय हस्तलिखित विद्यार्थ्याकडे जाणार नाही, आणि विद्यार्थ्याने लिहिलेले टिपण त्याच्या नावाशिवाय पुढे जाणार नाही. मसुदा मी लिहून ठेवला आहे, अर्ध्या पानाचा आहे.

गौरवाचा कार्यक्रम काढा असे मी म्हणत नाही. वेळ कमी पडत असेल तर दोन्ही बसवता येतील.

कार्यक्रमपत्रिका शुक्रवारी छपाईला जाणार असे कळले. गुरुवार संध्याकाळपर्यंत उत्तर मिळाले तर बरे. भाषण मी घड्याळ लावून मोजले आहे, नऊ मिनिटे भरते. आइन्स्टाइन वगळला तर सहा.

आपली,
विभागातील एक शिक्षिका